अडीच वाजलेच नाहीत

लिनक्स किंवा युनिक्सच्या सर्व्हरवर रोजची ठरलेली कामं बहुधा ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्राम करतो. तो दर मिनिटाला उठतो, यादी पाहतो आणि ज्याची वेळ झाली असेल ते काम सुरू करून देतो. ते संपलं का, याची चौकशी मात्र करत नाही. न्यूयॉर्कच्या वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर अशी यादी आहे असं धरू:

```
30 2 * * * /opt/backup.sh
0 3 * * * /opt/report.sh
```

आधी मिनिट, मग तास. तीन तारे म्हणजे रोज. अडीचला डेटाची प्रत काढायची, तिला वीस मिनिटं लागतात. तीनला त्या प्रतीवरून अहवाल. वर्षभर सुरळीत.

आता ८ मार्च २०२६ची पहाट घ्या. अमेरिकेत उन्हाळी वेळ सुरू होते, घड्याळ १:५९ वरून थेट ३:०० वर जातं. त्या दिवशी तिथे अडीच वाजतच नाहीत. पडताळायचं तर लिनक्सवर हे चालवा:

```
TZ=America/New_York date -d '2026-03-08 02:30'
```

उत्तर येतं, `invalid date`.

काही शेड्युलर असं काम सरळ गाळतात. डेबियनमधला क्रॉन शहाणा आहे: तीन तासांपेक्षा लहान उडी असेल, तर हुकलेलं काम तो लगेच उरकायला घेतो. घोळ इथेच होतो. प्रत काढणं आणि अहवाल, दोन्ही तीनच्या ठोक्याला जवळपास एकदमच सुटतात. प्रत अर्धवट, म्हणून अहवाल कालचेच आकडे उचलतो. लॉगमध्ये दोन्ही कामं झालेली दिसतात, चुकीचा निरोप कुठेच नसतो. म्हणून काम न होण्यापेक्षा ही चूक मला जास्त वाईट वाटते.

१ नोव्हेंबरला उलट: दोनचा पुन्हा एक होतो, दीड दोनदा वाजतो. रोज दीडला होणारं काम डेबियनचा क्रॉन दुसऱ्यांदा करत नाही, पण दर पंधरा मिनिटांनी होणारी कामं त्या तासात आठ वेळा होतात. त्यांच्या फाइलच्या नावात फक्त स्थानिक तास-मिनिट असेल, तर दुसऱ्या तासाच्या फाइली पहिल्या तासाच्या पुसून टाकतात.

सर्व्हर यूटीसीवर ठेवला की उडी आणि पुनरावृत्ती दोन्ही जातात. पण न्यूयॉर्कच्या ऑफिसला सकाळी नऊलाच हवं असलेलं काम मग हिवाळ्यात आठला होतं. पुण्यात बसून अमेरिकेची कामं सांभाळणाऱ्यांना हे ठाऊक असतं: तिथले अडीच आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचा एक, उन्हाळ्यात बारा. अहवालाची गोष्ट मात्र घड्याळाने सुटणारी नाही. ती दोन कामं एकाच ओळीत बांधावीत:

```
30 4 * * * /opt/backup.sh && /opt/report.sh
```

`&&` मुळे प्रत नीट निघाली तरच अहवाल सुरू होतो, आणि साडेचार तर दोन्ही दिवशी एकदाच वाजतात.