शिपाई कोण, मजूर कोण? युद्धाच्या कायद्यातील भेदाचे तत्त्व

२०२५ सालच्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस संघर्ष पेटला होता. त्या वेळी नागरी संरक्षणाच्या सरावासाठी सरकारने जी ठिकाणे निवडली, त्यांत आपल्या खानदेशातील भुसावळचेही नाव होते. त्याच आठवड्यात वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातील एक कामगार काही कामानिमित्त धुळ्यास आला असता आमच्या युनियनच्या कचेरीत डोकावला. चहा झाल्यावर तो म्हणाला, "भाऊ, आम्ही बंदुकीच्या गोळ्या बनवतो. मग लढाईत आम्ही कोण? शिपाई की मजूर? शत्रूला आम्हाला मारायचा हक्क आहे की नाही?"

आमची हयात बोनस, महागाईभत्ता आणि अपघाताची भरपाई यांचे कायदे वाचण्यात गेली. हा कायदा आम्हांस ठाऊक नव्हता. "वाचून सांगतो," असे म्हणून आम्ही त्याला निरोप दिला. मग वाचनालयात बसून जे समजले, तेच आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

युद्धालाही कायदा असतो, असे म्हटले की पुष्कळांना हसू येते. परंतु हा कायदा युद्ध बंद करण्यासाठी केलेला नाही. युद्ध सुरू झाल्यावर कोणाला मारता येईल आणि कोणाला नाही, एवढेच तो सांगतो. १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे काही राष्ट्रांनी एक गोष्ट लिहून मान्य केली. शत्रूचे लष्करी बळ खच्ची करणे एवढाच युद्धातील न्याय्य हेतू होय, ही ती गोष्ट. हे एकदा मानले की पुढचे ओघानेच येते. ज्याला मारून लष्करी बळ घटत नाही, त्याला मारण्याचे कारणच उरत नाही. लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा, आणि वार फक्त लढणाऱ्यावर करा, हेच भेदाचे तत्त्व.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला, कोणावर वार करता येतो? दुसरा, वार केल्याबद्दल कोणाला शिक्षा करता येते? सैनिकाच्या बाबतीत कायदा असे सांगतो की, त्याला लढण्याचा परवाना आहे. म्हणून तो पकडला गेला तर केवळ लढल्याबद्दल त्याला फासावर देता येत नाही. त्याला युद्धकैदी म्हणून सांभाळावे लागते आणि लढाई संपल्यावर घरी पाठवावे लागते. मात्र या परवान्याची किंमत जबर आहे. तो शरण येईपर्यंत, किंवा जखमी होऊन निकामी होईपर्यंत, त्याच्यावर केव्हाही हल्ला करता येतो, मग तो छावणीत झोपलेला का असेना. सामान्य नागरिकाचे नेमके उलट आहे. त्याच्यावर हल्ला करता येत नाही, पण त्याला लढण्याचा परवानाही नाही. त्याने बंदूक उचलली तर तो लढत असेल तेवढा काळ त्याचे संरक्षण जाते, आणि पकडला गेल्यास साध्या गुन्हेगारासारखा त्याच्यावर खटला भरता येतो.

कागदावर हे सरळ दिसते. माणसांच्या आयुष्यात याचा अर्थ काय होतो, ते पाहण्यासाठी आपण गोव्याकडे जाऊ.

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले. १९ डिसेंबरच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा शरण आला, आणि तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपल्या हाती लागले. त्यांत आपल्या जवानांवर गोळ्या झाडणारेही होते. तरीही लढल्याबद्दल त्यांच्यावर खुनाचे खटले झाले नाहीत. १९४९ च्या जिनिव्हा करारांप्रमाणे ते युद्धकैदी ठरले. काही महिने छावणीत राहून १९६२ च्या मे महिन्यात ते मायदेशी परतले.

आता दुसरे नाव घेऊ. मोहन रानडे हे मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले. पुढे ते आझाद गोमंतक दलात गेले. १९५५ च्या ऑक्टोबरात बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात त्यांना गोळी लागली आणि ते पकडले गेले. पोर्तुगीज न्यायालयाने त्यांना २६ वर्षांची शिक्षा दिली आणि पुढे त्यांची रवानगी पोर्तुगालच्या तुरुंगात झाली. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज सैनिक आपापल्या घरी पोहोचले, तरी रानडे लिस्बनजवळच्या कोठडीतच होते. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले. अखेर १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. ज्यांनी गोवा धरून ठेवला ते पाच महिन्यांत मोकळे झाले, आणि ज्याने तो सोडवू पाहिला त्याने तेरा वर्षांहून अधिक काळ बंदिवास भोगला.

असे का व्हावे? पोर्तुगीज सत्तेचा सूड हे एक कारण खरेच. परंतु कायद्याच्या रचनेतही याचे उत्तर आहे. सैनिकाचा परवाना राष्ट्राच्या सैन्याला आपोआप मिळतो. सैन्याबाहेरच्या टोळ्यांना तो हवा असेल तर जुन्या हेग नियमांनी चार अटी घातल्या आहेत. टोळीला जबाबदार नायक हवा, लांबून ओळखू येईल अशी ठरलेली खूण अंगावर हवी, शस्त्र उघड बाळगले पाहिजे, आणि युद्धाचे नियम पाळले पाहिजेत. १९४९ च्या करारांत आणखी एक मर्यादा आहे. युद्धकैद्याचा मान दोन राष्ट्रांच्या युद्धातच मिळतो. एका राज्यातल्या अंतर्गत बंडात तो मिळत नाही. तेथे छळ करू नका, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा देऊ नका, एवढे किमान संरक्षण तेवढे आहे. पोर्तुगालने तर गोवा हा आपला एक प्रांतच ठरविला होता. शिवाय १९५५ साली त्याने हे करार मान्यही केले नव्हते. ते त्याने १९६१ साली केले. त्यामुळे त्याच्या लेखी रानडे हे फक्त गुन्हेगार होते.

वसाहतींतून आलेल्या नव्या राष्ट्रांना ही उणीव डाचत होती. म्हणून १९७७ च्या पहिल्या जोडकरारात असे घातले गेले की, परकी सत्तेविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या जनतेचे युद्ध हे दोन राष्ट्रांच्या युद्धासारखेच समजावे. खुणेची अटही सैल झाली. निदान प्रत्यक्ष चकमकीच्या वेळी शस्त्र उघड असावे, एवढ्यावर ती आली. भारताने १९४९ चे करार मान्य करून १९६० साली संसदेत त्यांचा कायदा केला, पण हा जोडकरार मात्र स्वीकारलेला नाही. तरी सामान्य नागरिकावर हल्ला करू नये, हा नियम त्या करारावाचूनही सर्व राष्ट्रांवर रूढीने बंधनकारक मानला जातो.

कोणी म्हणेल, खुणेचा एवढा आग्रह कशाला? आम्हांसही तो प्रथम खटकला. पण विचार करता तो सैनिकापेक्षा आपल्यासारख्यांच्याच हिताचा आहे असे दिसले. लढणारे जर भाजीवाल्याच्या नि हमालाच्या वेषात वार करू लागले, तर समोरच्या शिपायाला प्रत्येक भाजीवाला आणि प्रत्येक हमाल शत्रू वाटू लागतो. त्याची पहिली गोळी मग खऱ्या हमालाला लागते. म्हणून संशय असेल तेथे माणूस नागरिकच समजावा, असाही नियम आहे.

आता वरणगावच्या त्या कामगाराकडे येऊ. त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की, तो मजूरच आहे. कायद्याच्या भाषेत तो नागरिक आहे. गोळी बनविणे म्हणजे गोळी झाडणे नव्हे. परंतु तो ज्या छपराखाली काम करतो ते छप्पर नागरी नाही. एखादी इमारत लष्करी लक्ष्य ठरते की नाही, ते दोन कसोट्यांवर ठरते. तिचा शत्रूच्या लष्करी कारवाईला खरोखर हातभार लागतो काय? आणि त्या घडीला ती पाडल्याने निश्चित लष्करी लाभ होतो काय? दोन्ही उत्तरे होय असतील तरच ती लक्ष्य. दारूगोळ्याचा कारखाना बहुधा दोन्ही कसोट्यांना उतरतो.

येथेही गोव्याचे उदाहरण उपयोगी पडते. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, पण विमानतळाची इमारत वाचवावी असा त्यांना हुकूम होता. धावपट्टी लष्कराच्या कामाची होती, इमारत नव्हती. तेथे उभी असलेली दोन नागरी विमानेही शाबूत राहिली, आणि ती त्याच रात्री निसटून कराचीच्या वाटेने गेली. भेद पाळल्याची ही किंमत आपल्या बाजूने मोजली.

तेव्हा पाळी चालू असताना कारखान्यावर बाँब पडला आणि कामगार दगावले, तर तेवढ्यावरून तो हल्ला बेकायदा ठरत नाही. पण म्हणून शत्रूला मोकळे रान आहे असेही नाही. मिळणाऱ्या लष्करी लाभाच्या मानाने मरणाऱ्या नागरिकांची हानी अतोनात होणार असेल, तर हल्ला करता येत नाही. आणि या तोलात आतले कामगारही नागरिक म्हणूनच मोजले पाहिजेत, असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे. शिवाय हानी कमी होईल अशी वेळ आणि असे शस्त्र निवडणे हल्ला करणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि पाळी सुटून तोच कामगार फाटकाबाहेर पडला, बसमध्ये बसला, घरी जाऊन जेवायला बसला, की त्याला हेरून मारणे हा युद्धगुन्हा होय. धोका त्या जागेचा आहे, तो माणसाच्या अंगाला चिकटून घरी येत नाही. झोपलेला शिपाई आणि झोपलेला कामगार यांत कायद्याने केलेला फरक तो हाच.

रेषा नेमकी कोठे बदलते, हे आपल्या आग्रा रोडवरच्या ट्रक ड्रायव्हरच्या उदाहरणाने सांगता येईल. कारखान्यातून दारूगोळा भरून तो दूरच्या कोठारात पोहोचविणारा ड्रायव्हर नागरिकच राहतो. त्याचा ट्रक तेवढा लक्ष्य ठरू शकतो. पण तोच ड्रायव्हर आघाडीवर, धडधडणाऱ्या तोफेपाशी पेटी नेऊन पोहोचवू लागला, तर तेवढ्या वेळापुरता तो लढाईत प्रत्यक्ष सामील झाला असे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने २००९ साली आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. काही देशांची लष्करे ही रेषा याहून अलीकडे ओढू पाहतात. तो वाद मिटलेला नाही, आणि त्यात जीव जातो तो ड्रायव्हरचा.

कायद्याचे ओझे केवळ हल्ला करणाऱ्यावर नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वतःच्या सरकारनेही आपल्या लोकांना लक्ष्यापासून शक्य तेवढे दूर ठेवावयाचे असते. स्फोटकांची कोठारे वस्तीला खेटून उभी करणे, कामगारांची चाळ कारखान्याच्या भिंतीला लावून बांधणे, यात शत्रूच्या चुकीआधी आपली चूक असते.

काही दिवसांनी तो कामगार पुन्हा आला, तेव्हा आम्ही त्याला हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे भाऊ, घर फाटकापासून किती लांब आहे, हा पण मागणीचाच मुद्दा झाला की!" आम्ही तो मुद्दा वहीत लिहून घेतला, आणि त्याखाली आणखी दोन लिहिले: पाळीच्या वेळी आसरा घेण्याची जागा, आणि भोंगा वाजल्यावर कोणी कोठून बाहेर पडायचे याचा सराव.