नोटीस येण्याआधीचा ई-मेल

पुरवठादाराचे पैसे थकले की आता तो दिवाणी कोर्टाची धमकी देत बसत नाही. वकिलाकडून एक डिमांड नोटीस धाडतो, तीही नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ८ खाली. दहा दिवसांत पैसे द्या, नाहीतर आम्ही एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात जातो, असा तिचा मतलब. मालकाची झोप उडते, कारण तिथे अर्ज दाखल करून घेतला गेला तर संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कंपनीचा कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाच्या हाती जातो. एका बिलापायी अख्खी कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात.

ही नोटीस माल किंवा सेवा पुरवणाऱ्याने द्यायची असते. बँकेच्या कर्जाची वाट वेगळी आहे. थकबाकी किमान एक कोटीची लागते. २४ मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा फक्त एक लाख होती, त्यामुळे तोवर किरकोळ बिलांवरूनही कंपन्या खेचल्या जात.

नोटीस मिळालेल्या कंपनीपुढे कायद्याने दोन वाटा ठेवल्या आहेत. पैसे दिले असतील तर त्याचा पुरावा पाठवायचा, किंवा या रकमेबद्दल आमचा आधीपासून वाद आहे असे कळवायचे. सगळी गंमत ‘आधीपासून’ या शब्दात आहे. उत्तरातून वाद निर्माण होत नाही. जो वाद नोटीस हाती पडण्यापूर्वी कागदावर होता, तोच उत्तरातून दाखवता येतो. वकील कितीही नामांकित असला तरी नसलेला वाद तो दहा दिवसांत उभा करू शकत नाही.

हे ज्या खटल्याने पक्के केले तो एका नाचाच्या कार्यक्रमातून निघाला. ‘नच बलिये’साठी प्रेक्षकांची फोनवरून मते घेण्याचे काम मोबिलॉक्स या कंपनीकडे होते. त्यातला काही भाग तिने किरुसा सॉफ्टवेअरला दिला. बिले झाली, पैसे अडले. ३० जानेवारी २०१५ ला मोबिलॉक्सने ई-मेल करून कळवले की तुम्ही आमच्यातला गोपनीयतेचा करार मोडला, या कामाची जाहिरात आपल्या वेबसाइटवर केली, म्हणून पैसे रोखले आहेत. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये किरुसाने डिमांड नोटीस दिली. मोबिलॉक्सने चार दिवसांत उत्तर दिले आणि त्या जुन्या ई-मेलवर बोट ठेवले.

मुंबईच्या न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. अपिलात निकाल उलटला. हा वाद मोघम आहे आणि पैसे टाळण्यासाठी उकरून काढलेला आहे, असे अपील न्यायाधिकरणाला वाटले. २१ सप्टेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मोबिलॉक्सच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या त्या निकालाचा सारांश असा: वादात कोण जिंकेल हे या टप्प्यावर पाहायचेच नाही. सकृद्दर्शनी पटण्याजोगे, पुढे तपासावे लागेल असे काही म्हणणे आहे का, एवढेच पाहायचे. ते पोकळ, बनावट किंवा पुराव्याविना केलेले असेल तर बाजूला सारायचे. त्यासाठी कोर्टात दावा किंवा लवाद आधीच सुरू असला पाहिजे असेही नाही, साधा पत्रव्यवहार पुरतो. मला हा निकाल योग्य वाटतो. दिवाळखोरीचे न्यायाधिकरण ही वसुलीची कचेरी नव्हे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. चाकणमधल्या एका कारखान्याने कोल्हापूरच्या फौंड्रीकडून कास्टिंग घेतली. बिले १ कोटी ३८ लाखांची. पैकी ४६ लाखांच्या कास्टिंगमध्ये मशीनिंग करताना ब्लो होल निघाले. क्वालिटीच्या माणसाने त्याच आठवड्यात रिजेक्शन रिपोर्ट फोटोंसह मेल केला, डेबिट नोट काढली आणि माल उचलून न्या म्हणून कळवले. आठ महिन्यांनी पूर्ण रकमेची नोटीस आली.

या कारखान्याचे उत्तर सोपे आहे, पण ते नीट लिहावे लागते. नोटीस कोणत्या तारखेला मिळाली हे पहिल्याच परिच्छेदात यावे, कारण दहा दिवस तिथून मोजतात. पाकीट टाकून देऊ नये. मग कोणत्या बिलांबद्दल तक्रार आहे ती बिल क्रमांकानुसार, प्रत्येकासमोर रिजेक्शनची तारीख, आणि सोबत मेल, रिपोर्ट, डेबिट नोट यांच्या प्रती. ‘माल निकृष्ट होता’ एवढे मोघम वाक्य कुचकामी. उरलेल्या ९२ लाखांबद्दल वाद नसेल तर ते भरून टाकावेत आणि बँकेचा पुरावा जोडावा. वादाच्या आडून निर्विवाद पैसेही अडवले की सगळ्याच उत्तराचा खरेपणा संशयात येतो.

आता याच कारखान्यात हे बिघडते कसे ते पाहा. मार्चअखेरीला फौंड्रीकडून बॅलन्स कन्फर्मेशनचे पत्र येते. अकाउंट्समधला माणूस लेजर पाहतो. डेबिट नोट तिथे चढलेलीच नसते, कारण ती क्वालिटी विभागाच्या फायलीत पडून असते. तो पूर्ण १ कोटी ३८ लाखांवर सही-शिक्का मारून देतो. किंवा मालक स्वतःच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो, ‘सध्या तंगी आहे, दिवाळीनंतर सगळे क्लिअर करतो.’ फौंड्रीचा वकील न्यायाधिकरणापुढे हाच कागद आधी ठेवतो. रिजेक्शननंतर बिनशर्त कबुली दिलेली दिसली की खरा वादसुद्धा लंगडा पडतो. आणि रिजेक्शनचा एकही जुना मेल नसेल, सगळे फोनवरच बोलणे झाले असेल, तर उत्तरातली तक्रार नोटिशीनंतर सुचलेली ठरते.

आणखी एक घोटाळा पत्त्याचा. नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर पाठवता येते. पुष्कळ छोट्या कंपन्यांचे ते कार्यालय म्हणजे जुन्या सीएचे ऑफिस किंवा मालकाचा बंद फ्लॅट. कारखान्यात पत्ता लागेपर्यंत दहा दिवस उलटलेले असतात. मुदतीत उत्तर गेले नाही म्हणून सगळे संपत नाही. जुना वाद कागदोपत्री असेल तर तो न्यायाधिकरणासमोरही मांडता येतो, तसे अपील न्यायाधिकरणाने मानले आहे. पण तेव्हा आधी गप्प का बसलात याचेही उत्तर द्यावे लागते.

वाद मान्य होऊन अर्ज फेटाळला गेला म्हणजे कंपनी बिलातून सुटली, असे नाही. फौंड्रीचे पैसे खरे असतील तर तिला दिवाणी दावा किंवा करारात असल्यास लवाद मोकळा आहे, आणि ती सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याखालची सुविधा परिषदही. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, तेव्हा एनसीएलटीच्या वाटेला लागण्याआधी पुरवठादाराने आपल्या सर्वांत जुन्या बिलाची तारीख पाहून घ्यावी.