दाब जातो कुठे? : स्वनातीत विंड टनेल आणि दुसरा थ्रोट

स्वनातीत विंड टनेलचा इतिहास सांगायचा तर बुझेमान, आकेरेट, १९३५ची रोममधली व्होल्टा परिषद, मग युद्ध, असा क्रम लागतो. तो पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून मी त्यावरून झरझर पुढे जातो. नॉझलच्या आकारावर तर ग्रंथ भरले आहेत. टनेल म्हटलं की सगळ्यांचं लक्ष मॉडेलच्या पुढच्या बाजूला. मॉडेलच्या मागे, डिफ्यूजरमध्ये काय चालतं हे पाहायला कुणी फिरकत नाही, आणि टनेलचं विजेचं बिल तर तिथेच ठरतं.

मॅक ३चं उदाहरण घेऊ. व्हॉल्व्ह उघडला की पहिला थ्रोट चोक होतो आणि त्याच्या पुढे नॉझलमध्ये एक सरळ शॉक उभा राहतो. दाब वाढवत नेला की तो खाली सरकतो. गंमत अशी की तो जितका पुढे जातो तितका त्याच्यासमोरचा मॅक अंक वाढतो, शॉक जोरकस होतो आणि जास्त दाब खातो. टेस्ट सेक्शनमध्ये पोचला की तो सगळ्यात महाग पडतो. मॅक ३ला सरळ शॉकच्या मागे एकूण दाबाचा फक्त ०.३२८ इतकाच भाग उरतो. म्हणजे बाहेर एक वातावरण असेल तर आत किमान ३.०५ हवंच. हा कागदावरचा आकडा. भिंतीलगतचा थर, मॉडेल, त्याचा आधार हे सगळं धरलं की आमच्या टनेलला चारच्या आसपास द्यावं लागायचं.

आता दुसरा थ्रोट. शॉक टेस्ट सेक्शन ओलांडून डिफ्यूजरच्या निमुळत्या भागात शिरला की परिस्थिती उलटते. तिथे वाट अरुंद होत जाते, मॅक अंक उतरतो, शॉक स्वस्त होतो. निमुळत्या भागात तो स्थिर राहू शकत नाही. एका दमात थ्रोट ओलांडून पलीकडच्या रुंद होत जाणाऱ्या भागात जाऊन बसतो. याला आम्ही ‘टनेलनं शॉक गिळला’ म्हणायचो. एकदा गिळला की दाब कमी करत शॉक थ्रोटच्या जवळ आणता येतो.

पण हा थ्रोट हवा तितका बारीक ठेवता येत नाही. सुरू होताना शॉक टेस्ट सेक्शनमध्ये असतो, त्याच्यामागे एकूण दाब पडलेला असतो आणि तेवढीच हवा कमी दाबानं दुसऱ्या थ्रोटमधून जायची असते. वाट पुरली नाही तर दुसरा थ्रोट आधी चोक होतो आणि शॉक नॉझलमध्येच अडकतो. मग दाब कितीही वाढवा, पंप घरघरत राहतात, टनेल सुरू होत नाही. कँट्रोविट्झ आणि डोनाल्डसन यांनी १९४५मध्ये ही मर्यादा मांडली. मॅक ३ला दुसरा थ्रोट टेस्ट सेक्शनच्या ७२ टक्क्यांपेक्षा लहान असेल तर टनेल सुरू होणार नाही. मॅक २ला ही मर्यादा ८२ टक्के, मॅक १.५ला ९१. मॅक अंक कितीही वाढवला तरी हवेसाठी ती ६० टक्क्यांखाली उतरत नाही. मॉडेलनं अडवलेल्या जागेलाही हाच हिशेब लागू आहे. नवखा विद्यार्थी जाडजूड मॉडेल घेऊन येतो आणि टनेल सुरू का होत नाही म्हणून व्हॉल्व्हकडे बघत बसतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ७२ टक्क्यांच्या थ्रोटमधून सुरू झाल्यावर थ्रोटपाशी मॅक अंक २.६५च्या आसपास असतो. शॉक तिथे आणला तर चालू ठेवायला ३.०५ऐवजी २.२६ पुरतात, म्हणजे पाव दाब वाचला. थ्रोट हलता असेल तर सुरू झाल्यावर तो आणखी आवळता येतो. पन्नास टक्क्यांवर आणला तर कागदावर १.७सुद्धा लागत नाहीत. प्रत्यक्षात इतकं मिळत नाही. भिंतीलगतचा जाड थर शॉकशी भांडतो, एका शॉकऐवजी शॉकची माळ तयार होते आणि तिला पसरायला लांबी लागते. नॉयमन आणि लुस्टवर्क यांनी १९४९मध्ये दाखवलं की थ्रोटनंतर सारख्याच रुंदीचा लांब तुकडा ठेवला तर ही माळ तिथे पुरी होते आणि दाब चांगला परत मिळतो. आखूड, देखणा, धारदार थ्रोट ड्रॉइंगवर शोभतो, टनेलमध्ये नाही.

‘हवेचा साठा भरपूर आहे, सुरुवातीचा दाब लागतोच, मग हलत्या जबड्यांची, सीलची, मोटरची कटकट कशाला? एक ठोकळा बसवा आणि विसरा.’ हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो. ऐकवणारे मोठ्या खुर्च्यांवर होते, म्हणून नावं घेत नाही. त्यांना एकच विचारायचं होतं : ठोकळा कुठल्या मॅकसाठी? टनेल १.५ ते ३पर्यंत चालवायचा असेल तर ठोकळा १.५ला सुरू होईल असा, म्हणजे ९१ टक्क्यांचा ठेवावा लागतो. तोच मॅक ३ला वापरला तर थ्रोटपाशी मॅक अंक २.९ आणि लागणारं गुणोत्तर २.८. फायदा दहा टक्क्यांच्याही आत. सगळ्यात कमी नडणाऱ्या मॅकसाठी ठोकळा कापायचा आणि जिथे हवा खरी जळते तिथे हात चोळत बसायचं.

टाकीत १० वातावरणांची हवा आहे असं धरा. चारवर चालवलं तर सहा वापरता येतात. थ्रोट आवळून तीनवर आणलं तर सात वापरता येतात, शिवाय दर सेकंदाला खपणारी हवा पाऊणपट होते. गुणाकार करा : वीस सेकंदांचा रन तीस सेकंदांच्या वर जातो. हो, दाब उतरला की रेनॉल्ड्स अंकही उतरतो. तो उंच हवाच असेल तर ही बचत विसरावी. पण निर्वात टाकीवर चालणाऱ्या टनेलला तीही अडचण नाही. पेनेम्युंडेला ४० सेंटिमीटर चौकोनी टेस्ट सेक्शनमागे हजार घनमीटरचा निर्वात गोळा होता. अशा टनेलमध्ये आत येणारी हवा नेहमी एकाच वातावरणाची, आणि गोळा भरत जाईल तसा मागचा दाब चढत जातो. मॅक ३ला दुसरा थ्रोट नसेल तर गोळ्यातला दाब ०.३३वर गेला की खेळ संपतो. असेल तर ०.४४पर्यंत चालतो. तोच गोळा, तोच पंप, आणि रन एकतृतीयांशानं लांब.

जबडे फार आवळले तर काय होतं तेही सांगतो. चार वातावरणांवर मॅक ३ला भिंतीवरचा दाब पाऱ्याच्या ८३ मिलिमीटरच्या आसपास असतो. थ्रोट हळूहळू आवळताना तो ढिम्म हलत नाही, आणि म्हणूनच हात मोकळा सुटतो. मग एकदम धाडकन आवाज होतो, मॅनोमीटरचा स्तंभ उसळतो, श्लीरेनच्या पडद्यावरून मॉडेलच्या टोकाची तिरकी रेषा नाहीशी होते आणि बॅलन्स किंचाळतो. शॉक परत वर आला. त्याच्यामागचा प्रवाह एकसारखा नसतो. तो मॉडेलला एका बाजूनं झोडतो, आणि हा भार स्थिर भाराच्या कित्येक पट असू शकतो. बॅलन्सचा नाजूक पट्टा जातो तो अशाच क्षणी, किंवा सुरू होतानाच्या तशाच क्षणी. म्हणून रोजच्या कामात थ्रोट शेवटच्या टोकापर्यंत कधी नेऊ नये. धडाका होतो ती जागा मॉडेलशिवाय शोधून ठेवावी आणि तिच्यापासून थोडं अलीकडे थांबावं. हलता थ्रोट असला तर सुरू होताना तो सताड उघडता येतो, कमी दाबात काम भागतं आणि मॉडेलवरचा धक्काही हलका होतो. ठोकळेवाल्यांच्या हिशेबात ही ओळ कधी आलीच नाही.

हल्ली संगणकावर मॉडेलभोवतीचा प्रवाह सुरेख उमटतो. तिथे टनेल आधीच सुरू झालेला असतो. शॉक गिळायचा प्रश्न कुणाला पडतच नाही. मागे एका संस्थेनं नव्या टनेलची ड्रॉइंग मत देण्यासाठी पाठवली होती. मॅक १.५ ते ३, आणि डिफ्यूजरमध्ये ७५ टक्क्यांचा पक्का ठोकळा. मी समासात फक्त तीन आकडे लिहून परत पाठवलं : ०.९१, ०.८२, ०.७२.