त्रिघाती समीकरणाच्या सत् मुळांची संख्या
ज्या समीकरणात अज्ञात राशीचा सर्वांत मोठा घात तीन असतो, त्यास त्रिघाती समीकरण म्हणतात. सत् सहगुणक असलेल्या अशा समीकरणाला एकूण तीन मुळे (बीजे) असतात. मात्र त्यांपैकी सत् किती, हे समीकरण न सोडविताही ठरविता येते. त्यासाठी संबंधित फलनाच्या स्थानिक महत्तम व लघुतम मूल्यांची चिन्हे पाहणे पुरेसे असते.

समीकरण फ(क्ष) = अक्ष³ + आक्ष² + इक्ष + ई = ० असे असून अ धन आहे, असे मानू (अ ऋण असल्यास सर्व पदांची चिन्हे बदलून घ्यावीत). क्ष ऋण बाजूस पुरेसा दूर असता फ(क्ष) ऋण व धन बाजूस पुरेसा दूर असता धन असते. फलन संतत असल्याने त्याचा वक्र क्ष-अक्षास कोठेतरी छेदतोच. म्हणून निदान एक सत् मूळ असते. वक्राला वळणे आहेत की नाहीत हे अवकलज फ′(क्ष) = ३अक्ष² + २आक्ष + इ यावरून कळते. आ² − ३अइ ही राशी धन असेल, तरच फ′(क्ष) = ० याला दोन भिन्न सत् मुळे मिळतात. त्यांपैकी लहान मुळापाशी फलनाचे मूल्य स्थानिक महत्तम (म) व मोठ्या मुळापाशी स्थानिक लघुतम (ल) असते [→ अवकलन व समाकलन].

म धन व ल ऋण असल्यास वक्र अक्षास तीन वेळा छेदतो : एकदा महत्तम बिंदूच्या डावीकडे, एकदा दोन्ही बिंदूंच्या दरम्यान व एकदा लघुतम बिंदूच्या उजवीकडे. म व ल यांची चिन्हे सारखी असल्यास छेद एकच होतो. दोहोंपैकी एक शून्य असल्यास त्या बिंदूशी वक्र अक्षास केवळ स्पर्श करतो. तेथे दुहेरी मूळ असते व तिसरे मूळ निराळे असते.

भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) बीजगणित  या ग्रंथात क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५ या आशयाचे उदाहरण आहे. खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा उल्लेख आहे. उदाहरणातील दोन्ही बाजूंतून ६क्ष² व ८ वजा केले असता (क्ष − २)³ = २७ असे रूप मिळते आणि क्ष = ५ हे उत्तर येते. याखेरीज दुसरे सत् मूळ आहे काय? येथे फ′(क्ष) = ३(क्ष − २)² असल्याने अवकलज कधीच ऋण होत नाही; वक्र सतत चढत जातो व २ पाशी केवळ क्षणभर आडवा होतो. तेथे फ(२) = −२७, म्हणजे शून्य नाही. म्हणून ५ हे एकमेव सत् मूळ होय.

याच समीकरणात १२ ऐवजी ९ घेतल्यास परिस्थिती बदलते. फ(क्ष) = क्ष³ − ६क्ष² + ९क्ष − ग असे घेतल्यास फ′(क्ष) = ३(क्ष − १)(क्ष − ३), म = ४ − ग व ल = −ग. ग = ३५ असता म व ल दोन्ही ऋण असल्याने सत् मूळ एकच. ग = २ असता म = २ व ल = −२ असल्याने तीन; ती २ − √३, २ व २ + √३ ही होत. ग = ४ असता म शून्य होऊन १ हे दुहेरी मूळ मिळते व तिसरे मूळ ४ येते.

केवळ पूर्णांकांपाशी चिन्हे पाहिल्यास फसगत होऊ शकते. क्ष³ − ७क्ष + ७ = ० यात १ व २ या दोन्ही ठिकाणी फलनाचे मूल्य १ येते, त्यामुळे त्यांच्या दरम्यान मूळ नसावे असे वाटते. परंतु लघुतम बिंदू √(७/३), म्हणजे सु. १·५३ येथे आहे व तेथील मूल्य सु. −०·१३ आहे. साहजिकच १ व २ यांच्या दरम्यान दोन मुळे आहेत (सु. १·३६ व १·६९), तिसरे सु. −३·०५ आहे.

म किंवा ल शून्याच्या फार जवळ असेल, तर वर्गमुळाच्या स्थूल किंमतीमुळे चिन्ह चुकण्याचा संभव असतो. अशा वेळी दोन्ही मूल्यांचा गुणाकार घ्यावा, कारण त्यात वर्गमूळ उरत नाही. क्ष³ + पक्ष + ब = ० या रूपात, प ऋण असता, मल = ब² + ४प³/२७. ही राशी ऋण असल्यास तीन भिन्न सत् मुळे, शून्य असल्यास दुहेरी मूळ व धन असल्यास एकच सत् मूळ असते. वरील उदाहरणात तिचे मूल्य ४९ − १३७२/२७ = −४९/२७ असे निःसंदिग्धपणे ऋण येते. या राशीला −२७ ने गुणले असता समीकरणाचा विवेचक मिळतो.

या रीतीने मुळांची संख्या व ती कोणत्या अंतरालांत आहेत एवढेच कळते; त्यांच्या किंमती काढण्यासाठी अन्य रीतींचा अवलंब करावा लागतो.