प्रीमियम महाग की रास्त?

निफ्टीचा ऑप्शन विकणारा प्रीमियम आधी खिशात घालतो, जोखीम नंतर भोगतो. मिळणारा भाव त्या जोखमीला पुरतो का, हे विकण्याआधी तपासायला गार्च मॉडेल कामी येते. टिम बोलरस्लेव यांनी ते 1986 मध्ये मांडले. कालचा धक्का, कालची अस्थिरता आणि दीर्घकालीन सरासरी यांवरून ते पुढचा अंदाज बांधते.

समजा, मुदतीपर्यंतच्या दिवसांसाठी हा अंदाज रोज 0.8 टक्का आला. 252 च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे 15.9 ने गुणले की वार्षिक 12.7 टक्के. ऑप्शनच्या भावात दडलेली अस्थिरता 15 टक्के असेल, तर फरक विक्रेत्याच्या बाजूचा. पण लगेच हुरळू नये. भावातली अस्थिरता बहुधा चढीच असते; फरक नेहमीपेक्षा मोठा आहे का, ते पाहावे.

खरी गोची पुढेच आहे. गार्चला कॅलेंडर कळत नाही. 2024 च्या लोकसभा निकालाआधी इंडिया व्हिक्स चढला तो निकालाच्या धास्तीने. मागच्या भावांत ती तारीख कुठून दिसणार? 4 जूनला निफ्टी जवळपास 6 टक्के कोसळला. मुदतीत अशी घटना येत असेल, तर निव्वळ या तुलनेवर विसंबून ऑप्शन विकू नका.