शिकवणीची फी आणि घराचा हप्ता

खासगी कंपनीत हिशेब सांभाळणारा माणूस शनिवार-रविवारी अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवतो. नऊ विद्यार्थी, प्रत्येकी 800 रुपये, महिन्याला 7,200. ही रक्कम एकदम हातात पडत नाही. कुणी 2 तारखेला रोख देतो, कुणी 9 तारखेला यूपीआयने, कुणाच्या आईला दोनदा आठवण करावी लागते. आठशे-आठशेने आलेले पैसे तसेच आठशे-आठशेने जातातही: पेट्रोल, बाहेरचं जेवण, मोबाइलचं रिचार्ज. वर्षअखेरीस 72,000 रुपये कुठे गेले, हे त्यालाही सांगता येत नाही.

हा माणूस काल्पनिक असला, तरी त्याचे आकडे अनेक घरांत सापडतील. समजा, त्याच्या डोक्यावर 25 लाखांचं नवं गृहकर्ज आहे, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत 20 वर्षं. हप्ता बसतो सुमारे 21,700 रुपये. पहिल्या हप्त्यातले तब्बल 17,700 रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम 4,000 रुपयांनी कमी होतं. पूर्ण मुदतीत मुद्दलाशिवाय सुमारे 27 लाख रुपये नुसतं व्याज भरावं लागतं.

आता शिकवणीचा पैसा याच कर्जाकडे वळवून पाहू. शिकवणी वर्षातून दहाच महिने चालते. एप्रिल-मे कोरडे जातात. म्हणून हिशेब 72,000 चाच धरायचा. त्यातले 12,000 प्राप्तिकर आणि नोट्सच्या झेरॉक्ससाठी बाजूला ठेवायचे, कारण या कमाईवर सहसा कुणी आधी कर कापत नाही आणि ती विवरणपत्रात पगाराबरोबर दाखवावीच लागते. उरले 60,000, म्हणजे महिन्याला सरासरी 5,000. पहिल्या महिन्यापासून हप्त्यासोबत एवढी जादा रक्कम भरत गेलं आणि व्याजदर तोच राहिला, तर कर्ज 20 वर्षांऐवजी सुमारे 12 वर्षं 10 महिन्यांत फिटतं. व्याजात जवळपास 11 लाख वाचतात.

यात वेळेला फार महत्त्व आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच 60,000 भरले, तर शेवटचे सुमारे 13 हप्ते कमी होतात. तेच 60,000 पंधरा वर्षांनी भरले, तर जेमतेम चार. लवकर भरलेल्या रकमेवरचं व्याज पुढची सगळी वर्षं वाचत राहतं.

बँकेत मात्र एक प्रश्न नीट विचारायला हवा. जादा रक्कम भरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत? हप्ता कमी करून घेतला, तर पहिल्या वर्षअखेरच्या त्या 60,000 मुळे तो महिन्याला 530 रुपयांच्या आसपास उतरेल. हे 530 रुपये पुन्हा रोजच्या खर्चात मिसळून जाणार आणि मूळ दुखणं तसंच राहणार. म्हणून ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्यावं. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी परतफेडीसाठी दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना मनाई केली आहे. स्थिर दराचं कर्ज असेल, तर करारातलं कलम वाचावं.

पैसे गळू नयेत, यासाठी सोपी व्यवस्था पुरते. शिकवणीसाठी वेगळं बचत खातं उघडायचं, पालकांना त्याच खात्याचा क्यूआर कोड द्यायचा आणि रोख आलेली फी त्याच आठवड्यात तिथे भरायची. या खात्याचं डेबिट कार्ड खिशात ठेवायचं नाही. दरमहा ठरलेल्या तारखेला 5,000 कर्जखात्यात जातात. उरलेल्या शिलकीतून एप्रिल-मेची सोय होते. बँकेने जादा भरण्यासाठी किमान रक्कम ठरवली असेल, तर तेवढे साठले की भरायचे.

हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर ती आधी फेडावी, कारण तिचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असतं. घरात तीन-चार महिन्यांच्या खर्चाची शिल्लक नसेल, तर पहिल्या वर्षाची फी तिथे जावी. कर्जात भरलेला पैसा आजारपणात सहजासहजी परत मिळत नाही. आणि शाळेतल्या शिक्षकांना हा रस्ता मुळातच बंद आहे: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार त्यांना खासगी शिकवणी घेता येत नाही. इतर नोकरदारांनीही आपलं नियुक्तिपत्र एकदा तपासावं.

पहिली जादा रक्कम भरल्यावर पुढच्याच महिन्यात कर्जखात्याचा उतारा मागवा. त्यात मुद्दल तेवढ्या रकमेने उतरलेलं आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलेली दिसली पाहिजे. यातलं एक जरी दिसलं नाही, तर तो कागद घेऊन त्याच आठवड्यात शाखेत जा.