आधी चावी की आधी घर?

चार बिऱ्हाडांच्या एका इमारतीत दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं असं, की प्रत्येक घराची जादा चावी कोणा ना कोणाकडे ठेवलेली आहे. दुसरं असं, की एक जण असा आहे ज्याच्याकडे प्रत्येक घराची जादा चावी आहे. शब्द जवळजवळ तेच, फक्त ‘प्रत्येक’ आणि ‘एक जण’ यांनी जागा बदलल्या. पहिल्या इमारतीत जोशींची चावी कुलकर्ण्यांकडे, कुलकर्ण्यांची शेखांकडे, शेखांची पाटलांकडे आणि पाटलांची जोशींकडे असू शकते. वाक्य खरं, पण सगळ्या चाव्या बाळगणारा माणूस शोधायला गेलात तर सापडणार नाही. दुसऱ्या इमारतीत तो आहे, बहुधा वॉचमन. त्याचा जुडगा हरवला तर चारही घरांची कुलुपं बदलावी लागतील.

कागदावर तक्ता काढला की फरक डोळ्यांना दिसतो. आडव्या ओळींत घरं, उभ्या रकान्यांत माणसं, आणि चावी असेल तिथे टिकमार्क. पहिल्या वाक्याला दर ओळीत कुठेतरी एक टिकमार्क पुरतो. दुसऱ्याला एक अख्खा रकाना भरलेला लागतो. भरलेला रकाना असेल तर दर ओळीत टिकमार्क आपोआप येतो, म्हणून दुसऱ्यावरून पहिलं निघतं. उलट मात्र निघत नाही. तर्कशास्त्रज्ञ ही वाक्यं ∀x ∃y आणि ∃y ∀x अशी लिहितात. जे चिन्ह आधी, त्याची निवड आधी. पहिल्यात घर कळल्यावर माणूस सांगायचा असतो, त्यामुळे उत्तर घरागणिक बदलू शकतं. दुसऱ्यात घर कुठलं हे कळायच्या आत माणसाचं नाव देऊन मोकळं व्हायचं, आणि मग ते बदलता येत नाही.

हा फरक इतका उघड वाटतो, की यात कोणी हुशार माणूस फसेल हे पटत नाही. पण ऑग्युस्तँ-लुई कोशी हा एकोणिसाव्या शतकातला अव्वल दर्जाचा फ्रेंच गणिती. त्याने 1821च्या आपल्या पाठ्यपुस्तकात असं प्रमेय दिलं, की सलग आलेख असलेल्या फलांची अनंत बेरीज एका ठरावीक फलाकडे जात असेल, तर त्या फलाचा आलेखही सलगच असतो. 1826मध्ये तरुण नॉर्वेजियन गणिती आबेल याने एका तळटीपेत साइन फलांची एक मालिका दाखवली. तिच्यातलं प्रत्येक पद सलग, पण बेरजेचा आलेख मध्येच उडी मारतो. कोशीला नेमकं काय म्हणायचं होतं यावर इतिहासकार अजून भांडतात, पण प्रमेय जसं आपण आज वाचतो तसं खोटं आहे.

गफलत कुठे होते ते पाहायला आबेलच्या मालिकेपेक्षा सोपं उदाहरण पुरतं. 0 आणि 1 यांच्या मधली एखादी संख्या x घ्या आणि तिला स्वतःनेच गुणत जा. गुणाकार शून्याकडे घसरतो. तो 0.01च्या खाली यायला किती घात लागतात? 0.5 घेतली तर 7व्या घाताला काम होतं. 0.9ला 44 लागतात, 0.99ला 459 आणि 0.999ला 4,603. म्हणजे प्रत्येक x साठी पुरेसा मोठा घात आहे, हे खरं. आता क्रम उलटा करा: असा एखादा घात आहे का, जो प्रत्येक x ला पुरेल? तुम्ही दहा लाख म्हणा, मी 1च्या आणखी जवळची संख्या काढीन आणि तिला दहा लाखही कमी पडतील. आणि x बरोबर 1 असेल तर घात कितीही वाढवा, उत्तर 1च. म्हणून प्रत्येक घाताचा आलेख अखंड असला, तरी सगळे आलेख ज्या आलेखाकडे जातात तो 1पर्यंत शून्यावर सपाट राहून 1ला पोचताच टुणकन वर उडतो.

मौज अशी, की मोजक्याच संख्या असत्या तर ही अदलाबदल खपून गेली असती. वरच्या चार संख्यांना मिळून 4,603 हा एकच घात पुरतो, कारण प्रत्येकीला लागणाऱ्या घातांतला सर्वांत मोठा घेतला की झालं. चाव्यांच्या बाबतीत ही पळवाट नव्हती, कारण तिथे ‘सर्वांत मोठा शेजारी’ असं काही नसतं. आकड्यांत ती असते, आणि म्हणूनच गणितात ही चूक सहज नजरेआड होते: नमुन्यादाखल दहा-वीस संख्या तपासल्या की दोन्ही विधानं खरीच ठरतात. x अनंत झाले की ‘सर्वांत मोठा’ नावाची चीजच उरत नाही.

1847च्या सुमारास इंग्लंडमध्ये स्टोक्सने आणि जर्मनीत झायडेलने, एकमेकांचा पत्ता नसताना, दुखणं याच ठिकाणी आहे हे ओळखलं. पुढे वायरस्ट्रासने आपल्या व्याख्यानांतून ‘एकच घात सगळ्यांना पुरला पाहिजे’ या कडक अटीला गणितात कायमची जागा दिली. ती अट पाळली तर कोशीचं प्रमेय खरं ठरतं. x ला 0 ते 0.9 एवढ्याच पट्ट्यात ठेवा: 44वा घात पट्ट्यातल्या एकूण एक संख्येला पुरतो, आणि उडी नाहीशी होते. स्वतः कोशीनेही 1853मध्ये आपलं विधान जादा अट घालून नव्याने मांडलं.